“नेमका एरर काय आला?”

जून महिना, प्रवेशाचे दिवस. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नवे संगणक आले आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने द्यायचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून संस्थेने जुनी यंत्रं बदलायला घेतली. नव्या यंत्रांवर विंडोज ११ आहे. फीच्या पावत्या छापणारं सॉफ्टवेअर मात्र जुनंच आहे. ते संस्थेसाठी २००९ च्या सुमारास कोणीतरी लिहून दिलं आणि तेव्हापासून बिनतक्रार चालू आहे. नव्या यंत्रावर ते काही केल्या इन्स्टॉल होत नाही. प्रमुख लिपिक जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या संस्थेच्या संगणक विभागाकडे तक्रार नोंदवतात. तिला एक क्रमांक मिळतो आणि ती रांगेत लागते. या नोंदीला सगळे ‘तिकीट’ म्हणतात. तिकिटात एवढंच लिहिलेलं असतं:

“फी पावतीचं सॉफ्टवेअर नवीन पीसीवर इन्स्टॉल होत नाही. एरर येतो. सगळं करून पाहिलं. ॲडमिशन चालू आहेत, अर्जंट आहे.”

हे महाविद्यालय प्रातिनिधिक म्हणून घेतलं आहे. पुढे येणारे एरर, त्यांची कारणं आणि उपाय मात्र खरे आहेत. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर घालू पाहणाऱ्या कार्यालयांना ते आजही भेटतात.

या चार वाक्यांत खोटं काही नाही. लिपिकांची अडचण खरी आहे आणि घाईही खरी आहे. तरीही पलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाला त्यातून हात घालायला जागा सापडत नाही. डिस्क भरली असेल. ॲडमिनचे अधिकार नसतील. अँटिव्हायरसने फाइल अडवली असेल. सेटअपची फाइल पेन ड्राइव्हवरून उतरवताना अर्धवट आली असेल. विंडोजचा एखादा भाग कमी असेल. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून तो एकच प्रश्न उलट पाठवतो: “नेमका एरर काय आला?” हे उत्तर दुपारी येतं, तेव्हा लिपिक पालकांच्या रांगेत अडकलेले असतात. ते दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितात, “विंडोजचं काहीतरी फीचर मागतोय.” मग पुढचा प्रश्न, पुन्हा अर्धा दिवस. संगणकात बिघाड शोधायला जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त या विचारणा-उत्तरांत जातो.

प्रमुख लिपिक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कार्यालय रिकामं झाल्यावर, शांतपणे बसून तिकीट पुन्हा लिहितात. ते असं:

“विषय: विंडोज ११ वर .NET Framework 3.5 चालू होत नाही, एरर 0x800F0954. त्यामुळे फी पावतीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही.

पावतीच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाइल उघडली की .NET Framework 3.5 हवं असल्याचा विंडोजचा संदेश येतो. तो भाग उतरवून इन्स्टॉल करण्याचा पर्याय निवडला. दोन-तीन मिनिटांनी हे आलं:

```
The changes couldn't be completed. Please reboot your computer and try again.
Error code: 0x800F0954
```

संगणक: विंडोज ११ प्रो, ६४ बिट, आवृत्ती 24H2, बिल्ड 26100. संस्थेच्या नेटवर्कला जोडलेला. अपडेटच्या पानावर काही सेटिंग संस्थेच्या ताब्यात असल्याची ओळ दिसते. इंटरनेट चालू आहे, ब्राउझरमध्ये साइट उघडतात. सी ड्राइव्हवर भरपूर जागा आहे. ॲडमिन खात्यातून काम केलं.

करून पाहिलेलं: एक, संगणक रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केला, तोच कोड. दोन, कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्सच्या यादीत .NET 3.5 समोर खूण केली, तोच कोड. तीन, कपाटातला विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून आज ४:१० वाजता खालची कमांड दिली. या वेळी कोड वेगळा आला.

```
DISM /Online /Enable-Feature /FeatureName:NetFx3 /All /LimitAccess /Source:E:\sources\sxs

Error: 0x800f081f
The source files could not be found.
```

पेन ड्राइव्ह जुन्या संगणकांच्या वेळचा, म्हणजे विंडोज १० चा आहे. E:\sources\sxs या फोल्डरमध्ये netfx3 नाव असलेली फाइल दिसते. dism.log सोबत जोडली आहे. यापलीकडे कोणतीही सेटिंग बदललेली नाही.

परिणाम: तीन नव्या संगणकांपैकी एकावरही पावती निघत नाही. एक जुना संगणक चालू ठेवला आहे, सगळ्या पावत्या त्याच्यावरून देतो. तो सोमवारी परत द्यायचा आहे.”

लिहायला वीसेक मिनिटं लागली असतील. पण संगणक विभागातल्या तंत्रज्ञाला हे वाचून लिपिकांना एकही प्रश्न विचारावा लागत नाही. तो यातून काय वाचतो, ते पाहण्यासारखं आहे.

त्याआधी हे .NET काय प्रकरण आहे, ते थोडक्यात पाहू. विंडोजवरचे पुष्कळ कार्यक्रम स्वतःच्या पायावर उभे नसतात. खिडकी दाखवणं, फाइल वाचणं, प्रिंटरला मजकूर पाठवणं अशा नेहमीच्या कामांसाठी ते मायक्रोसॉफ्टने तयार करून ठेवलेल्या एका पायाभूत संचावर विसंबतात. त्या संचाची 3.5 ही आवृत्ती नोव्हेंबर २००७ मध्ये आली. विंडोज ७ मध्ये ती जन्मतःच होती, म्हणून त्या काळात लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठल्याही यंत्रावर चालायचं आणि वापरणाऱ्याला तिचं नावही कळायचं नाही. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ती डिस्कवर ठेवणं बंद केलं. ज्याला लागेल त्याच्यासाठी ती मागाहून इंटरनेटवरून उतरवायची, अशी व्यवस्था झाली. विंडोज ११ मध्ये याच संचाची 4.8 मालिकेतली आवृत्ती असते. पण 4 क्रमांकाच्या आवृत्त्या 3.5 च्या जागी बसत नाहीत, त्यांचं आतलं इंजिनच वेगळं आहे. 3.5 साठी बांधलेला कार्यक्रम सहसा 3.5 च मागतो. लिपिकांच्या सॉफ्टवेअरने तेच मागितलं. म्हणजे ते सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, आणि ज्याने ते लिहिलं त्याला फोन करून उपयोग नाही. तिकिटाच्या विषयातच .NET चं नाव आल्यामुळे ही एक वाट सुरुवातीलाच बंद झाली.

आता कोड. 0x800F0954 ही अक्षरं-आकड्यांची रांग पाहिली की बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. खिडकीतलं इंग्रजी वाक्य निदान वाचता येतं, म्हणून लोक तेच लक्षात ठेवतात आणि कोड सोडून देतात. इथे नेमकं उलट करायला हवं. “बदल पूर्ण होऊ शकले नाहीत, संगणक रीस्टार्ट करा” हे वाक्य सर्वसाधारण आहे, आणि या प्रसंगात रीस्टार्ट करून काहीही साधत नाही. खरी माहिती कोडमध्ये आहे.

ही रांग सोळा-अंकी पद्धतीने लिहिलेली असते. सुरुवातीचं 0x फक्त तेवढंच सांगतं. पुढचा 8 म्हणजे काम फसलं. त्यानंतरचे अंक हा निरोप विंडोजच्या कोणत्या खात्याकडून आला ते सांगतात. 0x800F ने सुरू होणारे कोड विंडोजचे भाग बसवणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रणेचे असतात. 0x8007 ने सुरू होणारे कोड विंडोजच्या सर्वसाधारण तक्रारींचे: 0x80070005 म्हणजे परवानगी नाही, 0x80070070 म्हणजे डिस्कवर जागा नाही. शेवटचे चार अंक त्या खात्यातली नेमकी तक्रार सांगतात. त्यामुळे “0x800 ने सुरू होणारा काहीतरी एरर होता” असं सांगणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं. शेवटचा एक अंक चुकला तर कारण बदलतं. 0x800F0906 म्हणजे फाइल उतरवता आल्या नाहीत. 0x800F0907 म्हणजे संस्थेच्या धोरणाने अडवलं. 0x800F081F म्हणजे लागणाऱ्या फाइल सांगितलेल्या जागी सापडल्या नाहीत. आणि 0x800F0954 बहुतेक वेळा अशा यंत्रांवर येतो, ज्यांना अपडेट थेट मायक्रोसॉफ्टकडून न घेता संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून घ्यायला सांगितलेलं असतं.

इथे तंत्रज्ञाची नजर संगणकाच्या तपशिलाकडे वळते आणि दोन ओळी एकमेकींना जुळतात. लिपिकांनी लिहिलं आहे की यंत्र संस्थेच्या नेटवर्कला जोडलेलं आहे आणि अपडेटच्या काही सेटिंग संस्थेच्या ताब्यात आहेत. घरच्या संगणकावर ही ओळ दिसत नाही. ज्या संस्थांकडे शेकडो यंत्रं असतात त्या बऱ्याचदा WSUS नावाचा सर्व्हर ठेवतात. तो मायक्रोसॉफ्टकडून अपडेट एकदाच घेतो आणि सगळ्या यंत्रांना वाटतो. त्यामुळे इंटरनेटचा भार कमी होतो आणि कोणतं अपडेट कधी द्यायचं ते संस्थेला ठरवता येतं. अडचण एवढीच, की नेहमीची अपडेट तिथे असतात, पण .NET 3.5 सारखे मागणीनुसार द्यायचे भाग सहसा तिथे नसतात. महाविद्यालयाचं यंत्र इमानदारीने संस्थेच्या सर्व्हरकडे गेलं, तिथे हवं ते मिळालं नाही आणि रिकाम्या हाताने परतलं. ब्राउझरमध्ये साइट उघडतात ही ओळही इथे कामाची ठरते, कारण “इंटरनेट तपासा” हा पहिला सल्ला तिने आधीच बाद केला आहे.

तपशील किती द्यावा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. काही जण संगणकाचं बिलच जोडतात: रॅम किती, प्रोसेसर कोणता, मॉनिटर किती इंचांचा. या प्रकरणात त्यातलं काहीच लागत नाही. लागते ती विंडोजची नेमकी आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक. विंडोजचं बोधचिन्ह असलेलं बटण आणि R एकत्र दाबून winver असं टाइप केलं, की एका छोट्या खिडकीत दोन्ही दिसतात. ६४ बिट की ३२ बिट, यंत्र घरचं की संस्थेच्या ताब्यातलं, काम करणाऱ्याकडे ॲडमिनचे अधिकार होते की नाही, डिस्कवर जागा आहे की नाही, एवढं बहुतेक इन्स्टॉलेशनच्या तक्रारींना पुरतं. “लेटेस्ट विंडोज आहे” हे उत्तर मात्र निरुपयोगी आहे. तिकीट चार दिवसांनी वाचलं जाऊ शकतं, आणि त्याच शब्दाखाली एकाच कार्यालयात दोन वेगळी बिल्ड सापडू शकतात.

या तिकिटातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे फसलेले प्रयत्न. लोक हाच भाग “सगळं करून पाहिलं” या तीन शब्दांत उरकतात. त्यामागे संकोचही असतो. आपण भलतंच काही केलं असेल, ते कशाला सांगा, असं वाटतं. पण तंत्रज्ञासाठी प्रत्येक फसलेला प्रयत्न हा एक झालेला प्रयोग आहे, फक्त त्याचा निकाल लिहिलेला हवा. रीस्टार्ट केल्यावर तोच कोड आला, म्हणजे अडकलेलं अपडेट किंवा तात्पुरता गोंधळ हे कारण बहुधा नाही. विंडोज फीचर्सच्या यादीतूनही तोच कोड आला, म्हणजे पावतीच्या सेटअप फाइलचा यात काहीही हात नाही. ती फाइल बाजूला ठेवूनही बिघाड जसाच्या तसा दाखवता येतो.

तिसरा प्रयत्न सगळ्यात बोलका आहे, कारण तिथे कोड बदलला. DISM ही विंडोजसोबतच येणारी, विंडोजचे भाग बसवणारी कमांड. लिपिकांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. /Source ने सांगितलं की फाइल पेन ड्राइव्हच्या या फोल्डरमधून घे. /LimitAccess ने सांगितलं की त्यासाठी बाहेर, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे किंवा संस्थेच्या सर्व्हरकडे, जाऊ नकोस. तिने तसंच केलं आणि सांगितलं की इथे हव्या त्या फाइल नाहीत. म्हणजे पहिला कोड सर्व्हरच्या वाटेवरचा होता आणि दुसरा पेन ड्राइव्हच्या. यंत्र दोन्ही वेळा नीट वागलं, दोन्ही वेळा त्याला चुकीच्या दारी पाठवलं गेलं. लिपिकांनी फक्त शेवटचा कोड लिहिला असता, तर तंत्रज्ञ पेन ड्राइव्हमध्येच गुंतून राहिला असता. फक्त पहिला लिहिला असता, तर पेन ड्राइव्हचा उपाय आधीच फसला आहे हे त्याला कळलं नसतं आणि त्याने तोच उपाय पुन्हा सुचवला असता.

पण फाइल तर फोल्डरमध्ये दिसते आहे, मग ती सापडत कशी नाही? याचं उत्तर लिपिकांनी सहज लिहून टाकलेल्या एका वाक्यात आहे: पेन ड्राइव्ह विंडोज १० चा आहे. sources\sxs या फोल्डरमध्ये .NET 3.5 ची जी फाइल असते, तिचं नाव विंडोज १० आणि ११ च्या पेन ड्राइव्हवर सारखंच दिसतं. आतली आवृत्ती मात्र वेगळी असते. आपल्या बिल्डशी जुळणारी फाइल मिळाली नाही, की विंडोज ती जणू तिथे नाहीच असं मानतं. नुसत्या डोळ्यांनी फोल्डर पाहणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही. 24H2 च्या यंत्राला 24H2 चाच संच लागतो. “पेन ड्राइव्ह लावूनही झालं नाही” एवढंच लिहिलं असतं, तर ही गोष्ट उघड व्हायला आणखी एक दिवस गेला असता.

तंत्रज्ञाकडे आता दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे संस्थेच्या धोरणात एक परवानगी देणं, की असे ऐच्छिक भाग यंत्रांनी थेट मायक्रोसॉफ्टकडून घ्यावेत. ही सेटिंग ग्रुप पॉलिसीमध्ये `Specify settings for optional component installation and component repair` या नावाखाली असते. ती लागू झाल्यावर यंत्रावर gpupdate /force ही कमांड दिली, की नवं धोरण लगेच पोचतं. हा उपाय सगळ्या महाविद्यालयांना एकदम उपयोगी पडतो, पण धोरण बदलायला वरची मंजुरी लागू शकते. दुसरा उपाय त्याच दिवशी होण्यासारखा आहे. 24H2 चा अधिकृत संच पेन ड्राइव्हवर घेऊन तीच कमांड तशीच पुन्हा द्यायची, फक्त E: च्या जागी पेन ड्राइव्हला जे अक्षर मिळालं असेल ते लिहायचं. सोमवारी जुना संगणक परत द्यायचा आहे हे तिकिटात लिहिलेलं असल्यामुळे तो दुसरा उपाय आधी करतो आणि धोरणाचं काम वेगळं तिकीट काढून पुढे पाठवतो. ‘अर्जंट’ या शब्दाने हा निर्णय झाला नसता. किती यंत्रं अडली आहेत, तोवर काम कशावर चाललं आहे आणि मुदत कधीची आहे, या तीन तपशिलांनी तो झाला.

काम झालं हे कसं ओळखायचं? कमांडने यश कळवलं तरी तपासून पाहावं:

```
DISM /Online /Get-FeatureInfo /FeatureName:NetFx3
```

उत्तरात State : Enabled दिसलं, की .NET 3.5 बसलं. त्यानंतर पावतीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून एक पावती प्रत्यक्ष छापून बघायची. तक्रार पावतीची होती, म्हणून तपासणीही पावतीवरच संपायला हवी.

कोडवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, हे इथे सांगायला हवं. 0x800F081F हा कोड फोल्डरचा पत्ता लिहिण्यात चूक झाली तरी येतो, पेन ड्राइव्हला E ऐवजी F अक्षर मिळालेलं असलं तरी येऊ शकतो, आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइलच खराब झाल्या असताना दुरुस्तीची कमांड दिली तरीही येतो. कोड कुठे शोधायचं ते सांगतो. कारण त्या जागी जाऊन शोधावं लागतं. त्यासाठीच dism.log जोडलेली बरी. ती C:\Windows\Logs\DISM या फोल्डरमध्ये असते आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला वेळ असते. फाइल हजारो ओळींची असू शकते. लिपिकांनी “४:१० वाजता” असं लिहिलं, त्यामुळे तंत्रज्ञ थेट त्या ओळींपाशी पोचला.

“यापलीकडे कोणतीही सेटिंग बदललेली नाही” हे वाक्यही असंच महत्त्वाचं. 0x800F0954 शोधलं, की इंटरनेटवर रजिस्ट्रीतलं UseWUServer हे मूल्य शून्य करण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. त्याने काम होऊही शकतं. पण त्यामुळे ते यंत्र संस्थेच्या अपडेटच्या व्यवस्थेतून बाहेर पडतं. ते मूल्य कोणी बदललं आणि तिकिटात सांगितलं नाही, तर तंत्रज्ञ वाचतो एका यंत्राबद्दल आणि दुरुस्त करायला घेतो दुसरंच. असा काही बदल केला असेल तर तो लिहावा. त्यासाठी कोणी रागावलं तरी काम लवकर होतं.

एरर जसाच्या तसा लिहिणं ऐकायला सोपं वाटतं, पण हातून बरंच निसटतं. तो मराठीत भाषांतर करून लिहिला, तर कोणाला शोधता येत नाही. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तर वाचता येतो पण कॉपी करता येत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच कोडचं जुनं तिकीट शोधणाऱ्याला तो फोटो सापडत नाही. फोटो जरूर द्यावा, पण सोबत मजकूरही टाइप करावा. विंडोजच्या साध्या संदेशाच्या खिडक्यांमध्ये Ctrl आणि C दाबलं, तर खिडकीतला सगळा मजकूर कॉपी होतो. ही सोय पुष्कळांना माहीत नसते. काळ्या खिडकीत दिलेल्या कमांडचं उत्तर माऊसने निवडून एंटर दाबलं की कॉपी होतं. हाताने लिहायचं झालं तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या कोडमध्ये ० ते ९ आणि A ते F एवढीच चिन्हं असतात, फक्त सुरुवातीच्या 0x मधला x वेगळा. त्यामुळे O सारखं जे दिसतं ते नेहमी शून्यच असतं. 8 आणि B मात्र दोन्ही येऊ शकतात, तिथे नीट पाहून घ्यावं.

फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवताना मागे काय उघडं आहे तेही बघावं. फीच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर विद्यार्थ्यांची नावं, मोबाइल क्रमांक, जातीच्या प्रवर्गाची नोंद असते. तिकीट पाच-सहा जणांच्या नजरेखालून जातं. एररची खिडकी सोडून बाकी सगळं मिटवूनच स्क्रीनशॉट काढावा. ॲडमिनचा पासवर्ड तिकिटात कधीही लिहू नये.

ही सगळी शिस्त फक्त कार्यालयातल्या माणसांनीच पाळायची असं नाही. ‘पटी’ नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. ते लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९ मध्येच बिघाड कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांचा आग्रह हाच होता, की कळवणाऱ्याने काय पाहिलं ते आधी सांगावं, त्यामागचं कारण आपल्याला काय वाटतं ते नंतर. २००८ साली अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतले प्रोग्रामर आणि त्यांना बिघाड कळवणारे लोक यांच्याकडून एक पाहणी करून घेतली गेली. प्रोग्रामरांना सगळ्यात उपयोगी वाटलेल्या गोष्टींमध्ये बिघाड पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या होत्या. कळवणाऱ्यांना याच गोष्टी देणं अवघड जात होतं. संगणकात मुरलेल्या माणसांमध्ये जर ही दरी असेल, तर लिपिकांच्या पहिल्या तिकिटासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचाच तर तिकिटाच्या त्या कोऱ्या चौकटीला द्यावा. तिथे फक्त ‘तक्रारीचं वर्णन’ असं छापलेलं असतं. संगणक विभागाने त्याऐवजी कोड, winver मधला बिल्ड क्रमांक आणि प्रत्येक प्रयत्नाचा निकाल यांसाठी वेगळे रकाने ठेवले, तर दुसरं तिकीट लिहायची वेळच येणार नाही.

काम झाल्यावर तिकीट बंद करतानाही बऱ्याच ठिकाणी “सोडवलं” एवढाच शेरा पडतो. इथे तंत्रज्ञ लिहितो: “कारण: यंत्र WSUS कडे निर्देशित, NetFx3 तिथे उपलब्ध नाही, शिवाय विंडोज १० चा sxs फोल्डर 24H2 वर चालत नाही. उपाय: 24H2 च्या पेन ड्राइव्हवरून DISM. तिन्ही यंत्रांवर पावती छापून खात्री केली.” या दोन-तीन ओळींमुळे संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातून हाच कोड आला, तर तो शोधताच उत्तर हाती येतं.

ज्या कार्यालयांत अशी जुनी सॉफ्टवेअर अजून रोजच्या कामात आहेत, त्यांनी एक तारीख नोंदवून ठेवावी. .NET Framework 3.5 ला मायक्रोसॉफ्टचा आधार ९ जानेवारी २०२९ ला संपतो. पावतीचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर आणून देण्याची मागणी त्याआधीच करायला हवी. त्या मागणीसोबत सध्याचं सॉफ्टवेअर नेमकं काय मागतं आणि कोणत्या बिल्डवर चालतं, हेही लिहून द्यावं.